बेरीज अधिक, पेशंट कोरडा

वॉर्डातला आयओ चार्ट, म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट, हल्ली मोबाइलच्या फोटोतून फिरतो. सकाळी आठला ओव्हर झाला की कुणीतरी चार्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं, राउंडला यायच्या आधी डॉक्टर तो पाहतात. नर्सिंग कॉलेजातही ट्यूटर असाच एखादा फोटो पाठवून विचारतात, ‘सांगा, हा पेशंट कोरडा पडलाय की याच्या अंगात पाणी साचलंय?’ मुलं फोटो उघडतात, बोटांनी मोठा करतात आणि थेट तळाशी जातात. तिथे आलेलं आणि गेलेलं यांची वजाबाकी असते. उत्तर अधिक आलं तर ओव्हरलोड, उणे आलं तर डिहायड्रेशन. दहा सेकंदांत निकाल लागतो आणि पुष्कळदा तो चुकतो.

कारण साधं आहे. तळाचा आकडा ही त्या कागदावरची सगळ्यात कच्ची गोष्ट असते. नाइट ड्युटी संपताना, तीस-चाळीस पेशंटांच्या वॉर्डात, घाईत केलेली ती बेरीज असते. वरचे तासातासाचे आकडे त्या त्या वेळी लिहिलेले असतात, म्हणून त्यांच्यावर जास्त विसंबता येतं. चार्ट वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे वाचायचा, तळाशी शेवटी यायचं, ही सवय लागली की अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी कशी लढायची, ते एका चार्टवरून पाहू. हा चार्ट शिकवण्यासाठी रचलेला आहे, कुणा खऱ्या पेशंटचा नाही. पण त्यातला प्रत्येक घोळ कुठल्याही जनरल वॉर्डात भेटेल असाच आहे.

पेशंट साठीचे गृहस्थ, भरती होतानाचं वजन 60 किलो. आतड्याला अडथळा होता, म्हणून पोट उघडून ऑपरेशन झालं. चार्ट ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवसाचा, सकाळी 8 ते दुसऱ्या सकाळी 8. तोंडाने काही नाही. नाकातून जठरात रायल्स ट्यूब, जिला वॉर्डात सगळे आरटी म्हणतात. पोटात एक ड्रेन. लघवीला कॅथेटर आणि युरोबॅग. फोटोच्या तळाशी लिहिलंय: इनटेक 2600, आउटपुट 1880, बॅलन्स अधिक 720.

आकड्यांना हात लावण्याआधी कागद नीट पाहायचा. चारही कोपरे फोटोत आहेत का? तारीख दिसते का? दिवस किती वाजता सुरू होतो? वजन लिहिलंय का? मागच्या पानावर काही आहे का? या फोटोत उजवा कोपरा अंगठ्याखाली गेलाय आणि कागदाला मधोमध घडी पडलीय. घडीच्या जागी ट्यूबलाइटची चमक आहे. फोटोत चार्ट वाचताना नेमक्या याच जागा माणसाला फसवतात. डाव्या बाजूला इनटेकचे रकाने असतात, उजवीकडे आउटपुटचे. फोटो तिरका आला की कापला जातो तो बहुधा उजवा भाग, म्हणजे शरीरातून गेलेल्या पाण्याचा हिशेब. अशा फोटोत पेशंट नेहमीच ‘भरलेला’ दिसणार. घडीवरचा 1 हा 7 वाटू शकतो, 50 चं 500 होऊ शकतं. शंका आली तर अंदाज बांधायचा नाही, फोटो परत मागवायचा. वॉर्डातच असू तर उठून फाइल उघडायची. फाइल दहा पावलांवर असताना फोटोतला आकडा 1 की 7 यावर वाद घालणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

आता इनटेक. दिवसभरात 500 मिलीच्या चार बाटल्या लागल्या, म्हणजे 2000 मिली. त्याशिवाय मेट्रोनिडॅझोलच्या 100 मिलीच्या तीन बाटल्या आणि पॅरासिटामॉलच्या 100 मिलीच्या तीन. एकूण 2600. सिस्टरांनी औषधांचं पाणी धरलंय, हे चांगलं केलं. पुष्कळ चार्टांत ते सुटतं आणि दिवसाला अर्धा-पाऊण लिटर हिशेबाबाहेर राहतं.

इनटेकमध्ये एक प्रश्न प्रत्येक बाटलीला विचारायचा: ही बाटली लावली तेव्हा लिहिली की संपली तेव्हा? दुपारी एकला आरएलची 500 ची बाटली लावली आणि तेव्हाच 500 लिहून टाकले, तर दोन वाजता ड्युटी बदलताना त्यातले शंभर-सव्वाशेच गेलेले असतात. संध्याकाळच्या सिस्टर ती संपल्यावर पुन्हा 500 लिहितात आणि एक बाटली दोनदा शरीरात जाते, फक्त कागदावर. हे पकडायचा सोपा मार्ग म्हणजे वेगाचा हिशेब. साधा आयव्ही सेट मिलीला 20 थेंबांचा असतो. 500 मिली चार तासांत द्यायचे तर तासाला 125 मिली, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. चार्टवर दोन तासांत तीन बाटल्या ‘गेलेल्या’ दिसल्या आणि पेशंटला एकच लाइन असेल, तर लिहिणाऱ्याला विचारलेलं बरं. आपल्या चार्टात बाटल्यांमधली अंतरं पाच-सहा तासांची आहेत. हिशेब बसतो.

आउटपुटमध्ये आधी लघवी. सकाळच्या सहा तासांत 330, दुपारच्या सहा तासांत 210, रात्रीच्या बारा तासांत 240. एकूण 780. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली लघवी हवी, हा वॉर्डातला पाठ झालेला नियम. 60 किलोला तासाला 30. आता 780 ला 24 ने भागा: 32.5. पास! सरासरीवर थांबणारा विद्यार्थी इथे ‘युरीन आउटपुट ॲडिक्वेट’ लिहून मोकळा होतो.

पण पाळीपाळीने भागून पाहा. सकाळी तासाला 55. दुपारी 35. रात्री 20. दिवसभर लघवी उतरत गेलीय आणि सकाळची चांगली लघवी रात्रीच्या वाईट लघवीला झाकून ठेवतेय. मूत्रपिंडं सरासरी पाळत नाहीत, त्या त्या तासाला जेवढं रक्त मिळतं तेवढ्यावर काम करतात.

या चार्टात रात्रीचे तासातासाचे आकडेही आहेत: 30, 30, 25, 25, 20, 20, 20, 20, 15, 15, 10, 10. ही ओळ फार बोलकी आहे. एकतर ती उतरंड आहे. कॅथेटर दबला, पिळला किंवा गुठळीने बंद झाला तर आकडे असे हळूहळू उतरत नाहीत, 40, 40, 0, 0 असे कोसळतात. तेव्हा आधी नळी पाहायची, पेशंट तिच्यावर झोपलाय का ते पाहायचं, पोटाखाली मूत्राशय हाताला लागतं का ते पाहायचं. इथे तसं नाही, शरीर पाणी राखून ठेवू लागलंय. दुसरं म्हणजे हे आकडे खरे वाटतात, कारण ते सारखे बदलतात. रात्रभर 50, 50, 50, 50 असे बारा आकडे एकाच शाईत, एकाच वळणाचे दिसले, तर ते मोजलेत की पहाटे एकदम भरलेत हा प्रश्न मनात यायलाच हवा. प्रत्येक वॉर्डाला ही खोड आहे आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे.

आता वेळ पाहा. रात्री दहापर्यंत लघवी तासाला 30 होती, म्हणजे काठावर. दहानंतर ती खाली गेली आणि पुन्हा वर आलीच नाही. मूत्रपिंडाच्या इजेसाठी 2012 मध्ये आलेल्या केडिगोच्या निकषांत, किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी लघवी सलग सहा तास राहिली तर ती इजेची पहिली पायरी मानली आहे. आपल्या पेशंटचे सहा तास पहाटे चारला भरले. चार्टने चार वाजता सांगितलं होतं, ते सकाळी आठच्या बेरजेत कुणालाच दिसलं नाही.

मग अधिक 720 आलं कुठून? आरटीच्या रकान्यात सकाळी 450 आणि दुपारी 500 दिसतात, रात्रीची जागा रिकामी आहे. पण शेऱ्याच्या रकान्यात, अगदी अंगठ्याच्या कडेला, लिहिलंय: ‘आरटी 750, हिरवट’. रात्रीचं ॲस्पिरेट चुकीच्या रकान्यात गेलं आणि बेरजेतून सुटलं. आता नीट मांडू. लघवी 780. आरटी 450, 500 आणि 750, म्हणजे 1700. ड्रेन 150. एकूण 2630. इनटेक 2600. बॅलन्स अधिक 720 नाही, उणे 30.

तरीही काम संपत नाही. उणे 30 म्हणजे बरोबरी झाली असं कागद म्हणतो, शरीर म्हणत नाही. श्वासातून आणि त्वचेतून जाणारं पाणी कुठल्याच रकान्यात नसतं. मोठ्या माणसाचं ते दिवसाला साधारण 500 ते 800 मिली धरतात. ताप असेल, श्वास जलद असेल, मे महिन्यातला पंखा बंद पडलेला वॉर्ड असेल, तर आणखी जास्त. म्हणून ज्याला खाणंपिणं नाही आणि सगळं सलाइनवर आहे, त्याचा चार्ट बरोबरीचा दिसला तर तो माणूस खरं तर सहा-सातशे मिली मागे पडलेला असतो. चांगल्या स्थितीतल्या अशा पेशंटचा कागदी बॅलन्स थोडा अधिकच असायला हवा.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहू. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 मध्ये सलाइनविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात मोठ्या माणसाची रोजची पाण्याची गरज किलोमागे 25 ते 30 मिली धरली आहे. 60 किलोला 1500 ते 1800. त्यात जादा गळती मिळवायची. इथे आरटीतून 1700 गेले. म्हणजे 3200 ते 3500 हवे होते आणि मिळाले 2600. सहाशे ते नऊशेची तूट. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर साधारण एकाच जागी आलं, की आपण बरोबर वाचतोय असा भरवसा वाटतो.

मग कॉटपाशी जायचं. फोटोला नाडी नसते. पेशंटची नाडी 112, बीपी 104/70, ताप 100.6. जीभ कोरडी, ओठांना पापुद्रे. युरोबॅगच्या नळीतली लघवी गडद पिवळी. बोटाचं टोक दाबून सोडल्यावर रंग परतायला वेळ लागतोय. सकाळचं वजन 59, म्हणजे भरतीपेक्षा एक किलो कमी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे दोन दिवसांत घटलेला किलो मुख्यतः पाण्याचाच. वजनकाटा बेरजेत चुकत नाही, फक्त काटा तोच हवा, वेळ तीच हवी आणि ड्रेनची पिशवी पेशंटच्या मांडीवर ठेवायची नाही.

वृद्धांच्या बाबतीत एक सूचना. हाताच्या मागची त्वचा चिमटीत धरून ती किती वेळात बसते हे पाहायला पुस्तक शिकवतं. म्हातारपणी ती पाणी भरपूर असतानाही सैलच असते. तिच्यापेक्षा जीभ, नाडी आणि वजन जास्त खरं सांगतात.

हे सगळं पाहिल्यावर विद्यार्थ्याने सलाइनचा वेग स्वतः वाढवायचा नाही. सांगायचं. कसं सांगायचं हेही महत्त्वाचं. ‘सिस्टर, चार्ट बरोबर वाटत नाही’ म्हटलं तर सिस्टरांना करण्यासारखं काहीच मिळत नाही. असं सांगता येतं: ‘सिस्टर, सात नंबरच्या काकांची लघवी रात्री दहापासून तीसच्या खाली आहे, शेवटचे दोन तास दहा-दहाच. आरटीचे रात्रीचे 750 शेऱ्यात लिहिलेत, बेरजेत आले नाहीत. ते धरले तर बॅलन्स उणे तीस येतो. पल्स 112 आहे, जीभ कोरडी आहे, वजन एक किलोने उतरलंय. डॉक्टरांना कळवायचं का?’ यात काय दिसलं, किती वाजल्यापासून, आणि कागद का चुकला, तिन्ही आलं. डॉक्टर तपासतात, आरएलचे 500 मिली लवकर द्यायला सांगतात, लघवी पुन्हा पाहतात आणि आरटीतून जेवढं जाईल तेवढं वरून भरून द्यायची ऑर्डर लिहितात, रक्तातलं पोटॅशियम पाहून.

इथवर ‘कमी लघवी म्हणजे पाणी कमी’ असं समीकरण मनात बसलं असेल, तर ते लगेच हलवायला हवं. हृदय थकलेल्या माणसालाही लघवी कमी होते. मूत्रपिंड बिघडलेल्यालाही होते. त्यांच्या अंगात पाणी भरपूर असतं, ते बाहेर टाकता येत नसतं. त्यांचा रात्रीचा रकाना आपल्या पेशंटसारखाच दिसेल: 30, 25, 20, 15. तिथे बाटली जलद सोडली तर माणूस गुदमरेल. म्हणून लघवीचा रकाना एकटा वाचायचा नाही. कोरडा माणूस बहुधा आडवा पडून असतो, अंगावर सूज नसते, वजन उतरलेलं असतं. साचलेला उशांना टेकून बसतो, वजन चढलेलं असतं, छातीच्या तळाला कुरकुर ऐकू येते.

भरपूर लघवीही फसवते. साखर खूप वाढलेला पेशंट दिवसाला तीन-चार लिटर लघवी करतो आणि त्यानेच कोरडा पडतो. फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिल्यानंतरची लघवी त्या औषधाचं काम सांगते, शरीरात पाणी पुरेसं आहे की नाही हे सांगत नाही. आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मूत्राशय सलाइनने सतत धुतात, तेव्हा युरोबॅगमधलं सगळं पाणी लघवी नसतंच. आत सोडलेलं पाणी वजा करून जे उरेल ती लघवी. बॅगेत 4000 आणि आत गेलेले 3600 असतील तर लघवी फक्त 400. फोटोत धुण्याच्या पाण्याचा रकाना कापला गेला असेल, तर हा चार्ट वाचूच नये.

आता त्याच गृहस्थांचा तीन दिवसांनंतरचा फोटो. या वेळी कागद सपाट आहे, चारही कोपरे आहेत, बेरीज बरोबर आहे. इनटेक: सलाइन आणि औषधं मिळून 3100, तोंडाने 400, एकूण 3500. आउटपुट: लघवी 1300, आरटी 100, ड्रेन 50, एकूण 1450. बॅलन्स अधिक 2050. लघवी तासाला 54, म्हणजे छान. ‘लघवी चांगली आहे, सगळं ठीक’ असं वाटायला लावणारा हा चार्ट आहे.

इथे एका दिवसाचा फोटो पुरत नाही. मागच्या दोन दिवसांचे मागवले तर पहिल्या दिवशी अधिक 1400, दुसऱ्या दिवशी अधिक 1600 आणि आज अधिक 2050. तीन दिवसांचे मिळून 5050. न दिसणारी घट रोजची 700 धरून 2100 वजा केली तर उरतात 2950. वजनाच्या वहीत काय आहे? त्या सकाळी 59, आज 62. तीन किलो. कागद आणि काटा एकच बोलतायत. यातला एक किलो शरीराचं येणंच होतं, तो भरून निघाला. वरचे दोन जास्तीचे. तीन दिवस पेज आणि चहावर असलेल्या माणसाला तीन किलो मांस चढत नाही.

हे झालं कसं, तेही चार्टातच दिसतं. आरटीतून जाणारं पाणी 1700 वरून 900, मग 400, मग 100 वर आलं. आतडं चालू झालं, ही चांगली बातमी. पण गळती भरून काढायला वाढवलेल्या बाटल्या ऑर्डरशीटवर रोज ‘कंटिन्यू सेम’ म्हणून पुढे सरकत राहिल्या. गळती थांबली, भरणी थांबली नाही. शिवाय तोंडाने चारशे सुरू झाले, त्या बदल्यात बाटली कमी झाली नाही. नाइसच्या हिशेबाने या माणसाला आज फार तर दोन लिटर लागले असते, मिळाले साडेतीन. आणखी एक गोष्ट याच दिवसांत घडत असते. ऑपरेशनच्या ताणात आतड्याच्या भिंतीत आणि ऊतींमध्ये गेलेलं पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमाराला रक्तात परतू लागतं. ते कुठल्याच बाटलीतून येत नाही, म्हणून कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

साचलेलं पाणी फक्त पायांवर शोधणारे विद्यार्थी इथे हमखास चुकतात. पाच दिवस पाठीवर पडून असलेल्या माणसाचं पाणी घोट्यात उतरत नाही, कमरेखाली माकडहाडाजवळ जमतं. कुशीवर वळवून तिथे अंगठा दाबायचा, खड्डा राहतो का पाहायचं. या गृहस्थांना तो राहतो. श्वास मिनिटाला 24. काल एका उशीवर झोपले होते, आज मुलाने तिसरी उशी आणलीय, ‘बाबांना सपाट झोपवत नाही’ म्हणाला. ऑक्सिजन 93. ही उशी कुठल्याच चार्टात लिहिली जात नाही, म्हणून नातेवाइकांशी दोन शब्द बोलायचे.

जास्तीचं पाणी म्हणजे फक्त सूज, असं समजू नये. इंग्लंडात नॉटिंगहॅमला दिलीप लोबो आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 2002 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर काही पेशंटांना नेहमीच्या पद्धतीने सलाइन दिलं, काहींना पाणी आणि मीठ दोन्ही मोजकं. नेहमीच्या गटाचं वजन सुमारे तीन किलोंनी वाढलं, त्यांचं जठर उशिरा रिकामं होऊ लागलं आणि त्यांना घरी जायलाही उशीर लागला. अभ्यास फक्त वीस जणांचा होता, पण त्यातले तीन किलो आपल्या पेशंटच्या तीन किलोंशी जुळतात आणि ते गुदमरायला लागण्याच्या खूप आधी त्रास देऊ लागतात.

नातेवाइकांचा विषय निघालाच आहे तर चार्टाची एक आपल्याकडची अडचण सांगायला हवी. मोजमाप नेहमी सिस्टरच करतात असं नाही. युरोबॅग भरली की मुलगा ती बाथरूममध्ये रिकामी करून येतो, कौतुकाने. मावशी भांडं धुऊन टाकतात. शहाळं आणलं जातं, अर्धं पेशंट पितो, अर्धं सूनबाई. चार्टावर मग ‘उलटी दोनदा’, ‘जुलाब चार वेळा’, ‘चहा एक कप’ असं येतं. ‘दोनदा’ या शब्दाची बेरीज होत नाही. फोटोत आकड्याऐवजी शब्द किंवा दोन अधिकची चिन्हं दिसली, तर त्या दिवसाचा बॅलन्स म्हणजे फक्त मोजलेल्या गोष्टींचा बॅलन्स, हे सांगून पुढे जायचं. वॉर्डातला कप किती मिलीचा हे एकदा मेजरिंग जारने मोजून कॉटवर चिकटवलं तर चहाचा प्रश्न सुटतो. ओला डायपर वजन करून, कोरड्याचं वजन वजा करून, एका ग्रॅमला एक मिली धरता येतो. मुलाला मात्र समजावूनच सांगावं लागतं की बॅग ओतायच्या आधी आम्हाला हाक मारा. दटावलं तर तो ओततो आणि सांगतही नाही.

फोटोच्या बाबतीत आणखी एक. चार्टाच्या माथ्यावर पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. शिकायला फोटो हवा असेल तर वॉर्डाची परवानगी घ्यायची, नाव आणि क्रमांक झाकायचा, वजन, तारीख आणि वेळ झाकायची नाही. पुष्कळदा नेमकं उलट होतं. फोटो किती वाजता काढला हेही लिहावं. साडेआठचा फोटो अकराला वाचताना मधले अडीच तास गेलेले असतात आणि तासाला दहा मिली लघवी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते फार असतात.

राउंडला डॉक्टरांनी तीन दिवसांचे चार्ट आणि वजनाची वही एकत्र पाहिली. आरटी काढली, बाटल्या बंद केल्या, औषधांचं पाणी तेवढं ठेवलं, तोंडाने पातळ सुरू केलं. फ्युरोसेमाइड दिलं नाही, श्वास आणि ऑक्सिजन दर दोन तासांनी पाहायला सांगितले. दुसऱ्या सकाळचा फोटो असा: तोंडाने 1200, औषधांतून 300, एकूण 1500. लघवी 2400. बॅलन्स उणे 900. वजन 60.5.

वर्गात हा तिसरा फोटो दाखवला की निम्मे हात वर जातात, ‘सर, डिहायड्रेशन!’ बाटल्या पुन्हा सुरू करायला सांगणारेही निघतात. नाडी 84 आहे, जीभ ओली आहे, लघवी तासाला शंभर आणि पाण्यासारखी फिकट आहे, उशी एकावर आलीय. साचलेलं पाणी स्वतःच्या वाटेने बाहेर पडतंय. आजही आणि बहुधा उद्याही चार्ट उणेच राहील. थांबायचं ते वजन भरतीच्या वेळच्या साठाशी येऊन टेकल्यावर, आणि तेव्हाही लघवी अशीच धो-धो सुरू राहिली तर सिस्टरांना सांगून रक्तातली साखर आणि क्षार पाहायला लावायचे.